प्लेटलेट्स पुरेशा, तरी रक्त थांबत नाही

१९२४ मध्ये डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांनी फिनलंडच्या ओलांड बेटांवरच्या पाच वर्षांच्या मुलीला तपासलं. तेराव्या वर्षी, चौथ्याच पाळीत, रक्तस्रावाने ती गेली. तिच्या प्लेटलेट्स पुरेशा होत्या. त्यांना जखमेशी चिकटवणारं प्रथिन रक्तात नव्हतं. त्यालाच आज फॉन विलेब्रांड फॅक्टर म्हणतात.

म्हणून मी पेशंटना सांगते, प्लेटलेट्स नॉर्मल आल्या म्हणून थांबू नका. पाळी सात दिवसांहून जास्त चालते, तासा-दोन तासांत पॅड भिजतं, दात काढल्यावर रक्त थांबत नाही, तर या फॅक्टरची तपासणी करून घ्या. आज त्यावर औषधं आहेत. ‘आपल्या घरात सगळ्यांचीच पाळी अशी,’ असं अम्मी म्हणाली, तर तो दिलासा समजू नका. हा आजार आनुवंशिक आहे. तीच त्याची खूण असू शकते.