साम्य किती? डोळ्याचा कौल आणि आकड्याची साक्ष



बारशाच्या घरी पाळण्याभोवती जमलेली मंडळी काय बोलतात ते आपण सर्वांनी ऐकले आहे. आत्या म्हणते, "अगदी दादावर गेलाय!" मावशी म्हणते, "छे हो, कपाळ आणि डोळे आमच्या ताईचे." दोघीही खोटे बोलत नसतात. जिला जे पाहावयाचे असते ते तिला दिसते. बारशात यावरून कोणाचे बिघडत नाही. परंतु जुन्या छायाचित्रातला माणूस कोण, पासपोर्टावरचा चेहरा समोरच्याचाच आहे काय, दुकानात चोरी करणारा हाच काय, असे प्रश्न आले म्हणजे "मला तसे वाटते" एवढ्यावर भागत नाही. साम्य मोजता येईल काय, हा आजचा माझा विषय आहे.

प्रथम डोळ्याची परीक्षा पाहू. 2011 साली ब्रिटनमधील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. हॉलंडमधील दोन प्रसिद्ध स्त्रियांची प्रत्येकी 20 छायाचित्रे घेऊन 40 पत्ते केले, आणि त्या स्त्रियांना न ओळखणाऱ्या ब्रिटिश मंडळींना सांगितले की, एकेका व्यक्तीचा वेगळा गठ्ठा लावा. गठ्ठे दोनच व्हावयाचे होते. ते सरासरीने सात-आठ झाले! तेच पत्ते डच लोकांपुढे ठेवले, तेव्हा जवळजवळ सर्वांनी बरोबर दोन गठ्ठे लावले. याचा अर्थ असा की, ओळखीच्या चेहऱ्याच्या बाबतीत डोळा निष्णात आहे. परक्या चेहऱ्याच्या बाबतीत तो उजेड, कोन आणि केशरचना यांनाच माणूस समजून बसतो.

आता मोजमापाची रीत सांगतो. संगणक प्रथम छायाचित्रातला चेहरा शोधतो आणि पाच खुणा टिपतो: दोन डोळे, नाकाचा शेंडा आणि ओठांची दोन टोके. चेहरा तिरका असेल तर तो या खुणांच्या आधारे सरळ करून ठराविक आकाराचा तुकडा कापून घेतो. हा तुकडा एका शिकविलेल्या गणिती जाळ्यातून जातो आणि पलीकडून आकड्यांची एक माळ बाहेर पडते. गूगलच्या संशोधकांनी 2015 साली मांडलेल्या फेसनेट या पद्धतीत ही माळ 128 आकड्यांची होती; पुढे प्रचारात आलेल्या आर्कफेस या पद्धतीत सामान्यतः 512 आकडे असतात. या माळेला 'एम्बेडिंग' म्हणतात. आपण अंकमाला म्हणू.

यातला एक आकडा नाकाच्या लांबीचा, दुसरा कपाळाच्या रुंदीचा, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. जाळ्याला लाखो छायाचित्रे, कोणते कोणाचे हे सांगून, दाखविलेली असतात. एकाच माणसाच्या अंकमाला जवळ याव्यात आणि निरनिराळ्या माणसांच्या दूर जाव्यात, एवढ्यासाठीच त्याला पुनःपुन्हा सुधारलेले असते. एकट्या आकड्याला अर्थ नसतो. अर्थ असतो तो दोन माळांमधल्या अंतराला.

ते अंतर काढणे शाळकरी मुलालाही जमेल. समजा, माळ तीनच आकड्यांची आहे. पहिला चेहरा 0.6, 0.8, 0, दुसरा 0.8, 0.6, 0, तिसरा 0, 0.6, 0.8. जोडीजोडीने गुणाकार करून बेरीज करावयाची. पहिल्या-दुसऱ्याची येते 0.96 आणि पहिल्या-तिसऱ्याची 0.48. माळा सारख्या तोलाच्या करून घेतल्या म्हणजे ही बेरीज फार तर 1 होते. 1 कडे जावे तितके साम्य अधिक.

खरी मेख यापुढेच आहे. कोणी म्हणाले, "साम्य 0.35 आले", तर ते पुष्कळ की थोडे? एकट्या आकड्यावरून ते कळत नाही. पद्धती बदलली की मोजपट्टीही बदलते. म्हणून मोजपट्टी आपल्याच सामग्रीतून तयार करावी लागते. एक कल्पित उदाहरण घेऊ. आकडेही समजुतीपुरतेच आहेत.

एका घरी शाळेचा जुना सामूहिक फोटो आहे. दुसऱ्या ओळीतला तरुण म्हणजे आपले आजोबा, असे सर्वांना वाटते. आजोबांचे साठीनंतरचे पाच फोटो घरात आहेत. त्या पाचांच्या आपसांत दहा जोड्या होतात; त्यांचे साम्य 0.50 ते 0.70 भरते. त्याच काळच्या, नात्यात नसलेल्या माणसांशी ते 0.20 च्या वर जात नाही. आजोबांच्या धाकट्या भावाशी मात्र 0.33 पर्यंत पोचते. आता फोटोतला तरुण पाचही फोटोंशी ताडला, तर सरासरी आली 0.35. परक्यांहून वर, आजोबांहून खाली, आणि भावाच्या अगदी शेजारी. घरच्यांचा डोळा "हेच ते" म्हणतो, आकडा म्हणतो, "थांबा."

घाईचा माणूस येथेच "नव्हेत" असा निकाल देईल. तोही चुकेल, कारण मोजपट्टी म्हाताऱ्या चेहऱ्याची आणि मोजावयाचा चेहरा विशीतला आहे. मग आजोबांचा लग्नातला, निःसंशय त्यांचाच, फोटो सापडतो. तो म्हातारपणच्या फोटोंशी ताडला तर 0.36 च येतात! म्हणजे वयाच्या अंतरानेच साम्य तेवढे उतरते. पण लग्नाचा फोटो शाळेच्या फोटोशी ताडला तेव्हा 0.58 आले, आणि भावाचा तरुणपणचा फोटो त्याच चेहऱ्याशी ताडला तेव्हा 0.31. आता आजोबांच्या बाजूने बोलावयाला सबळ आधार मिळाला. फोटो अंधुक असेल तर आणखी एक पडताळा घ्यावा: ओळखीचे स्पष्ट फोटो मुद्दाम तितकेच अंधुक करून पुन्हा मोजावे. परक्यांचे आकडेही वर सरकले, तर त्या फोटोवरून निकाल देऊ नये. आणि जुळ्या भावांपुढे ही पद्धती सहज फसते.

शेवटी एक धोका. दोन चेहरे ताडणे वेगळे आणि लाखोंतून सर्वांत जवळचा शोधणे वेगळे. लाखोंत कोणीतरी पहिला येणारच, आणि खरा माणूस त्या लाखोंत नसला तरी येणारा पुष्कळसा त्याच्यासारखाच दिसणार. अमेरिकेत डेट्रॉइट शहरातल्या एका प्रकरणात असेच घडले. दुकानातल्या चोरीच्या अंधुक चित्रावरून यंत्राने एका माणसाचा जुना परवान्यावरचा फोटो पुढे केला. मग काही फोटोंत तो मिसळून एका सुरक्षा कर्मचारी स्त्रीला दाखविला. तिने चोरी घडताना पाहिली नव्हती. चित्रफीतच पाहिली होती. तिने त्यावरच बोट ठेवले, आणि जानेवारी 2020 मध्ये निरपराध माणसाला त्याच्या मुलींदेखत बेड्या पडल्या. पुढे खटला काढून घ्यावा लागला.

येथे दोन साक्षी झाल्या असे दिसते. वस्तुतः साक्ष एकच होती. यंत्राने सारखा दिसणारा निवडला आणि डोळ्याने तो सारखा दिसतो एवढेच सांगितले. म्हणून "साम्य इतके आहे" असे कोणी म्हणेल तेव्हा त्याला तीन गोष्टी विचाराव्या: याच माणसाच्या दोन फोटोंत ते किती येते, त्याच्या भावाशी किती येते, आणि हा चेहरा किती जणांतून निवडून काढला? याची उत्तरे मिळाली तर आकड्याला साक्षीदाराची किंमत आहे. नाहीतर तो पाळण्याशेजारच्या आत्याचाच शब्द, फक्त दशांशचिन्ह लावून बोललेला.