नाव न घेता लिहिलेला अहवाल

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडे आटोपशीर केले आहे.)



मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेतला माणूस माईक हातात आला की हिशेब सांगत बसतो, तसा मीही एक हिशेबच सांगणार आहे. गेल्या वर्षी आपण मेंटेनन्स बिलाचं सॉफ्टवेअर बदललं, तेव्हा सर्वसाधारण सभेत काय झालं ते तुमच्या लक्षात असेल. त्यानंतर कमिटीने मला दोन पानांचा आढावा लिहायला सांगितला. तो वाचून काहींनी विचारलं, ‘‘काका, यात चूक कोणाची ते लिहिलंच नाही!’’ ते का लिहिलं नाही, हे सांगायला मला वीस वर्षं मागे जावं लागेल.

तेव्हा मी एका शाखेचा मॅनेजर होतो. शाखा कोअर बँकिंगवर जायची होती. शनिवारी काम बंद झाल्यावर जुन्या संगणकातला डेटा नव्या प्रणालीत गेला, रविवारी रात्री एकेका खात्याची शिल्लक जुळवली आणि सोमवारी सकाळी काउंटर उघडलं. पैशाचाही फरक नाही. आम्ही पेढे वाटले.

चार महिन्यांनी एक तरुण शिक्षिका मुदत ठेवीची पावती घेऊन माझ्या केबिनमध्ये आल्या. म्हणाल्या, ‘‘साहेब, मला अर्धा टक्का जास्त लावलाय. मी काय सीनियर सिटिझन दिसते का?’’ मी खातं उघडून पाहिलं. जन्मतारीख होती ०१-०१-१९००. प्रणालीच्या हिशेबाने बाईंचं वय शंभरच्या पुढे!

शोधल्यावर अशी शे-दीडशे खाती निघाली. जुन्या खातेदारांचे फॉर्म काढले, तर कित्येकांवर जन्मतारीखच नव्हती, कारण ते फॉर्म भरले तेव्हा ती कोणी विचारतच नसे. नव्या प्रणालीत मात्र तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. डेटा भरणाऱ्या मुलाने १९०० साल टाकलं आणि तो पुढे गेला. चालू ठेवींचे दर जुनेच राहिले, म्हणून सोमवारी काहीच दिसलं नाही. पण एकेक ठेव मुदत संपून आपोआप नूतनीकरणाला आली, की प्रणाली वय बघून ज्येष्ठांचा दर लावत होती. पन्नास हजारांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला अडीचशे रुपये. रक्कम डोळ्यांत भरणारी नाही, म्हणूनच ती चार महिने निसटली.

वरून आदेश आला, अहवाल पाठवा. मी पहिला मसुदा तासाभरात लिहिला. त्यात त्या मुलाचं नाव होतं, ‘निष्काळजीपणा’ हा शब्द होता, आणि शेवटी ‘यापुढे योग्य ती काळजी घेण्यात येईल’ हे आपलं ठरलेलं वाक्य. सोबत त्याला द्यायचा मेमोही टाइप करून ठेवला. त्याची नोकरी कायम व्हायला दोन महिने राहिले होते.

सही करण्याआधी मी त्याला बोलावलं आणि रागावण्याऐवजी, कसं कोण जाणे, एवढंच विचारलं, ‘‘त्या वेळी तुझ्यासमोर स्क्रीनवर काय होतं, ते सांग.’’ तो म्हणाला, ‘‘साहेब, तारीख माहीत नाही असा पर्यायच नव्हता. रोज तीनशे खाती संपवायची होती. मी विचारलं, तर सांगितलं की आत्ता काहीतरी टाका, नंतर दुरुस्त करू. कोणालाही पटणार नाही अशी तारीख मुद्दाम टाकली, म्हणजे नंतर सापडेल.’’ आणि त्याने खिशातून वही काढली. खात्यांची यादी त्यात होती! ती मागायला चार महिन्यांत कोणी गेलं नव्हतं. ‘नंतर दुरुस्त करू’ हे काम कोणाच्याच नावावर नव्हतं. आणि स्थलांतर तपासल्याच्या तक्त्यावर सही होती माझी. त्या तक्त्यात शिल्लक जुळवायची ओळ होती. व्याजदर किंवा जन्मतारीख तपासायची ओळच नव्हती.

मेमो फाडला. अहवाल पुन्हा लिहिला, आणि तेव्हा जी रीत सापडली ती नंतर कायम पाळली. पहिल्या भागात काय ठरलं होतं. दुसऱ्यात प्रत्यक्षात काय घडलं, तारखेनिशी, मत न घालता. तिसऱ्यात फरक का पडला. चौथ्यात काय बदलायचं, ते कोणत्या पदावरच्या माणसाने आणि कोणत्या तारखेपर्यंत.

नाव काढायचं म्हणजे मोघम लिहायचं, असा गैरसमज होतो. ‘काही त्रुटी राहून गेल्या’ या वाक्यातून कोणालाच काही कळत नाही. मी लिहिलं, ‘डेटा भरणाऱ्याने रिकाम्या जन्मतारखेच्या जागी १९०० साल टाकलं, कारण रकाना सक्तीचा होता आणि ‘माहिती नाही’ हा पर्याय नव्हता.’ कृती स्पष्ट, कारण स्पष्ट, नावाची गरज नाही. प्रत्येक कारणाला मी एक प्रश्न लावतो: त्या खुर्चीवर उद्या दुसरा माणूस बसवला, तर हेच घडेल का? उत्तर ‘हो’ आलं, तर माणूस बदलून उपयोग नाही. आणि ‘काळजी घ्यावी’ हे चौथ्या भागात लिहायचं नाही. काळजी घेतली की नाही, हे तपासणार कसं? त्याऐवजी मी लिहिलं की सोमवारी काउंटर उघडण्याआधी पन्नास ठेवी हाताने काढून दर आणि जन्मतारीख मूळ फॉर्मशी ताडून पाहाव्यात. हे केलं की नाही, ते कागदावर दिसतं.

याला मर्यादा आहे. कोणी पैसे खाल्ले, खोटी सही केली, तर त्याची चौकशी वेगळी आणि ती नावानिशीच व्हायला हवी. ती या अहवालात मिसळली, तर पुढच्या वेळी कोणीही खिशातली वही बाहेर काढणार नाही. ठेवीदारांना छापून दिलेला दर बँकेने मुदत संपेपर्यंत पाळला. तेवढा तोटा सोसला. मुलगा वेळेवर कायम झाला.

आता आपली सोसायटी. ज्यांनी वर्षाचं मेंटेनन्स आगाऊ भरलं होतं, त्यांनाच थकबाकी आणि वर व्याज लागून बिलं आली. सभेत खजिनदारांना काय काय ऐकावं लागलं, ते पुन्हा सांगत नाही. जुन्या वहीत आगाऊ रक्कम कंसात लिहायची पद्धत होती. नव्या प्रणालीत आकडे भरताना कंस गेला आणि जमा रक्कम येणे म्हणून बसली. एकूण बेरीज का नाही तपासली? तपासली होती. पण ती ज्या यादीशी ताडली, त्या यादीतही कंस नव्हते, म्हणून जुळली. खजिनदारांच्या जागी मी असतो, तरी जुळलीच म्हणालो असतो.

त्या दोन पानांची शेवटची ओळ अशी आहे: पुढे कधीही बिलाची पद्धत बदलली, तर पहिलं बिल वाटण्याआधी दहा फ्लॅटची बिलं हाताने काढून ताडावीत. त्यातले तीन आगाऊ भरणारे, तीन थकबाकीदार, उरलेले नेहमीचे. काम सेक्रेटरीचं, आणि तपासलेला कागद फाइलला लावायचा.

तो अहवाल ऑफिसच्या कपाटात आहे. खजिनदारांनी राजीनामा मागे घेतला आणि कंसाची गोष्ट मला त्यांनीच सांगितली, हे त्यांच्या परवानगीने आज सांगतो.