थर मोडू नका

समजा, जाम नदीच्या जुन्या फोटोत पांढुर्णा आणि सावरगाव असे दोन्ही काठ आहेत, पण आभाळातून विजेची तार गेली आहे. फोटोशॉपमध्ये फोटोवर कोरा लेयर घेऊन त्यावर आभाळाचे ठिगळ लावले, की तार झाकते. खालचा मूळ फोटो शाबूत राहतो. मात्र ‘Flatten Image’ केले की सगळे थर एक होतात. ठिगळाखालचे जाते, लपवून ठेवलेले लेयरही जातात. फाइल सेव्ह करून बंद केली, की मागे फिरता येत नाही. ठिगळाखाली देवळाचा कळसही गेला, हे नंतर लक्षात आले, तर तो आणायचा कुठून? म्हणून लेयरसकट PSD फाइल जपून ठेवा. छपाईला तिची वेगळी JPEG प्रत द्या.