हे वाक्य कोणत्या अध्यायातलं?

शंभरीच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलंत. मी चौथी शिकलेला माणूस, दिवसा औत आणि रात्री टाळ. मोठं प्रवचन काही करत नाही, एका वाक्याची हकीकत सांगतो.

वाक्य तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. देव त्यालाच मदत करतो, जो स्वतःला मदत करतो. शाळेच्या भिंतीवर असतं, ट्रॅक्टरच्या मागं असतं, सोसायटीच्या सभेत पुढारी म्हणतात. आणि म्हणताना पुढं जोडतात, "शास्त्रातच सांगितलंय." कुठल्या शास्त्रात, ते कुणी सांगत नाही. हिंदू माणूस म्हणतो गीतेत असेल, शिकलेला माणूस म्हणतो बायबलात आहे.

आमच्या शेजारच्या गावात ख्रिस्ती वस्ती आहे. तिथले पाळक कीर्तनाला येऊन बसतात, आणि आमचं जमतं. त्यांना मी विचारलं. ते हसले. म्हणाले, बुवा, पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा, हे वाक्य कुठंच नाही. नीतिसूत्रात आळशी माणसाला मुंगीकडं बघून शहाणा हो असं सांगितलंय, पण देव फक्त कष्टाळूलाच हात देतो असं नाही सांगितलं. उलट पौलानं रोमकरांना जे पत्र लिहिलं, त्याच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय की आपण दुबळे होतो तेव्हाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. म्हणजे ज्याच्यात स्वतःला सावरायची ताकद नव्हती, त्याच्याकडं देव आला. आणि गंमत अशी की अमेरिकेत लोकांना विचारत फिरले, तर बहुतेकांनी सांगितलं, हो, हे बायबलातलंच!

मग आलं कुठून? माझी नात कॉलेजात आहे, तिनं पुस्तकं आणून वाचून दाखवली. मूळ फार जुनं, ग्रीक लोकांचं. इसापाच्या नावावर एक गोष्ट आहे. एका गाडीवानाची बैलगाडी खड्ड्यात रुतली. तो गाडी ओढायचं सोडून हेराक्लीस नावाच्या त्यांच्या बलवान देवाचा धावा करत बसला. देव आला आणि म्हणाला, चाकाला हात लाव, बैलांना टोच, आणि तू स्वतः काही केल्यावर मग मला हाक मार. आपल्याकडं सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी १८२८ साली इसापनीती मराठीत आणली, तेव्हा इसाप आपल्याला परका नाही. त्या गाडीवानाची गोष्ट फ्रान्सच्या ला फोंतेन नावाच्या कवीनं १६६८ साली कवितेत बांधली, आणि शेवटी शिकवण जोडली ती हीच.

आता मी गाडीवान, तेव्हा मधेच एक बोलतो. काळ्या रानात भरली गाडी आसापर्यंत रुतली की नुसत्या आसुडानं निघत नाही. बैल गुडघ्यावर येतो, जू मोडतं. आधी माल उतरवावा लागतो. चाकापुढची माती उकरून खाली दगड नाहीतर बाभळीचे फाटे घालावे लागतात. एक कासरा धरतो, दोघं आऱ्यांना खांदा देतात, आणि तरी नाही निघाली तर शेजाऱ्याची बैलजोड पुढं जुंपावी लागते. माझी गाडी मी एकट्यानं काढली असं शपथेवर सांगणारा गाडीवान मला अजून भेटायचाय. ज्यानं गोष्ट लिहिली त्याची गाडी बहुतेक रेताडात रुतली असेल.

तर पुढं. आपल्याला पाठ आहे ते वाक्य इंग्रजीत छापून आलं १६९८ साली, सिडनी नावाच्या माणसाच्या पुस्तकात. राज्यकारभारावरचं पुस्तक, धर्माचं नव्हे. त्याला १६८३ साली राजद्रोहाखाली मारलं होतं, पुस्तक मागाहून छापलं. पण घरोघर नेलं ते बेंजामिन फ्रँकलिन यानं. हा अमेरिकेतला छापखानेवाला, दर वर्षी पंचांग काढायचा. १७३६ सालच्या पंचांगात हे वाक्य आहे. तो स्वतःच लिहून गेलाय की पंचांगात तिथीवारांच्या मधे जी रिकामी जागा उरायची, ती मी अशा म्हणींनी भरायचो, आणि त्यातली दहावा हिस्सासुद्धा अक्कल माझी नाही. म्हणजे आपल्या कॅलेंडरवर रेशनच्या तारखेखाली सुविचार असतो ना, तसं ते. जागा भरायला घातलेलं!

पुढं १७५८ सालच्या पंचांगात त्यानं या सगळ्या म्हणी एका म्हाताऱ्याच्या तोंडी घातल्या. लिलावाला माणसं जमलीत, करपट्टी फार झाली म्हणून कुरकुरतायत. म्हातारा त्यांना सांगतो, सरकारपेक्षा आळसच जास्त पट्टी घेतो, आणि तिथं हे वाक्य येतं. सगळे माना डोलावतात. आणि लिलाव सुरू झाल्याबरोबर नको नको ते विकत घेतात. फ्रँकलिन म्हणतो, जसं काही देवळातलं प्रवचनच ऐकलं होतं. हे वाचल्यावर मी बराच वेळ हसत होतो, कारण आम्हा बुवालोकांना हे ऐकवायला अमेरिकेची गरज नव्हती. नंतर १८५९ साली स्माइल्स नावाच्या स्कॉटिश माणसानं एक पुस्तक काढलं, त्याची सुरुवातच या म्हणीनं. फक्त देवाच्या जागी स्वर्ग घातला. ते पुस्तक हिंदुस्थानातही पुष्कळ वाचलं गेलं.

तुम्ही म्हणाल, बुवा, चांगलं वाक्य आहे, कुणाचं का असेना. कष्ट कर म्हणतं, त्यात वाईट काय? म्हण म्हणून काहीच वाईट नाही. मी पोरांना म्हणतोच. पण म्हणीला देवाची सही लावली की तिचा अर्थ फिरतो. ज्याच्या द्राक्षावर एका दुपारी गारा पडल्या, त्यानं काय स्वतःला मदत केली नव्हती? औषधं मारली, रात्री जागला, कर्ज काढलं. त्याला कुणी ओट्यावर बसून हे ऐकवलं, तर त्याच्या कानात काय जातं? देवानं तुला मदत केली नाही, म्हणजे तूच कमी पडलास. छापखानेवाला म्हणाला तर माणूस उलटून बोलेल. देव म्हणाला असं सांगितल्यावर बिचारा गप्प बसतो. आणि आपला देव तर जनीच्या जात्याला हात लावायला आला, तो काही हिशेब तपासून आला नव्हता.

आपल्या घरातही असाच एक कागद आहे. गीतेचं सार म्हणून फ्रेम करून लावतात. जे झालं ते चांगलं झालं, तुझं काय गेलं म्हणून रडतोस, असं त्यात असतं. गीतेचे अध्याय अठरा, श्लोक सातशे. पारायण करणाऱ्यांनी बोट ठेवून दाखवावं. नाही सापडणार. जे होतंय ते सगळं चांगलंच, तर मग भगवंतानं अर्जुनाला ऊठ, लढ असं कशाला सांगितलं असतं? गीतेत शोक करू नको म्हटलंय ते आत्मा मरत नाही म्हणून. तुझं काही गेलंच नाही म्हणून नव्हे. दहाव्याला बसलेल्या बाईपुढं तो कागद वाचणाऱ्यानं हा फरक ध्यानात घ्यावा.

नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. मधल्या काळात लोकांनी पाठ बिघडवले होते. काम संपल्यावर त्यांनी बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजा. घालणारा काही दुष्टच असेल असं नाही. त्याची ओवी गोडही असेल. पण ती माउलींची नव्हे.

म्हणून आपल्या दिंडीत एक करू या. मुक्कामावर कुणी "माउली म्हणतात", "तुकोबा म्हणतात" असं बोललं की त्याला प्रेमानं विचारायचं, अध्याय कोणता, अभंग कुठला. सांगता आलं तर पाया पडू. नाही आलं तर वाक्य ठेवायचं, "लोक म्हणतात" एवढंच पुढं लावायचं. पेटीत ज्ञानेश्वरी आहे, गाथा आहे, वाचायला पोरं आहेत.

हरिपाठाची वेळ झाली, विणा उभी राहिली. थांबतो. रामकृष्ण हरि.