मुलीच्या शिक्षणासाठी महिन्याला किती?
(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अर्थतज्ज्ञ नाही. आज इथे उभा आहे तो माझ्या आपामुळे. दुल्हाभाईंचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे, आपा शिवणकाम करते. दोघांचं मिळून महिन्याला साधारण 40 हजार रुपये येतात. भाची 3 वर्षांची झाली तेव्हा आपा म्हणाली, ‘‘तू इंजिनिअर आहेस ना? मग हिला इंजिनिअर करायला महिन्याला किती टाकू, तेवढं सांग.’’

मी लगेच तोंडी हिशोब केला. आमच्या ओळखीतल्या एका खासगी कॉलेजात आज फी, वसतिगृह आणि मेस धरून वर्षाला अडीच लाख लागतात, म्हणजे चार वर्षांचे 10 लाख. मुलगी 18 वर्षांची व्हायला 15 वर्षं आहेत, म्हणजे 180 महिने. भागाकार केला, 5,556 रुपये. आपा खूश झाली. मी घरी आलो आणि रात्री माझ्या लक्षात आलं की मी चूक केली आहे. ते 10 लाख आजचे होते, आणि फी तर 15 वर्षांनी भरायची होती.

फी किती वेगानं वाढते हे कुठल्या जाहिरातीवरून ठरवू नका. पेपरात येणारा महागाईचा दर हा धान्य, भाजी, भाडं असं सगळं मिळून काढलेला असतो, त्यावरूनही ठरवू नका. ज्या प्रकारच्या कॉलेजात पाठवायचं आहे, त्याची दहा वर्षांपूर्वीची फी आणि आजची फी शेजारी ठेवा. महाराष्ट्रात खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती जाहीर असते. नाहीतर त्या कॉलेजात शिकलेल्या एखाद्या मुलाकडची जुनी पावती बघा. फी नऊ वर्षांत दुप्पट झाली असेल तर वाढ वर्षाला सुमारे 8 टक्के आहे, बारा वर्षांत झाली असेल तर 6 टक्के. मी 8 धरले आणि संगणकावर एक ओळ लिहिली:

```
=1000000*1.08^15
```

उत्तर आलं 31 लाख 72 हजार. 6 टक्के धरले असते तर 24 लाख, 10 धरले असते तर जवळजवळ 42 लाख. या आकड्यात कॉलेजची निवड कमी आणि दराचा अंदाज जास्त बोलतो, हे इथंच लक्षात घ्या.

आता बचत. पैसे जिथं ठेवू तिथं वर्षाला सरासरी 7 टक्के मिळतील असं धरलं, तर आधीचे 5,556 रुपये दरमहा टाकून 15 वर्षांनी साधारण 17 लाख 30 हजार जमतात. गरजेच्या निम्म्याहून थोडे जास्त. पूर्ण रक्कम हवी असेल तर दरमहा सुमारे 10,200 टाकावे लागतील. तो आकडा या ओळीतून येतो:

```
=PMT(1.07^(1/12)-1,180,0,-3172000)
```

आपानं आकडा ऐकला आणि वही मिटली. चाळीस हजारांतून दहा हजार निघत नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

बहुतेक घरांत हा विषय इथंच संपतो. पण या हिशोबात एक विचित्र गृहीतक आहे. फी दरवर्षी वाढणार, आणि हप्ता मात्र 15 वर्षं तोच राहणार. गॅरेजचा दर वाढतो, शिलाईचा दर वाढतो, मग हप्ता का नाही? हप्ताही दरवर्षी 8 टक्के वाढवत नेला, तर सुरुवात 6,200 रुपयांपासून करता येते. माझा पहिला 5,556चा आकडा म्हणजे तितका वेडा नव्हता. तो पहिल्या वर्षाचा आकडा होता, मी तो पंधराही वर्षांचा समजलो होतो.

मात्र यातही एक खोट आहे. 8 टक्क्यांनी वाढत गेलेला हप्ता पंधराव्या वर्षी 18,200 रुपये होतो. घरचं उत्पन्नही त्याच वेगानं वाढलं तर अडचण नाही. पण उत्पन्न वर्षाला 5 टक्केच वाढलं, तर तेव्हा ते सुमारे 79 हजार असेल. आज हप्ता उत्पन्नाच्या साडेपंधरा टक्के आहे, तेव्हा तो 23 टक्के होईल, आणि तोही नेमका दहावी-बारावीच्या शिकवणीच्या वर्षांत. म्हणून आम्ही हप्त्याची वाढ उत्पन्नाइतकीच, 5 टक्के ठेवली. मग सुरुवात 7,500पासून करावी लागते आणि शेवटचा हप्ता 15 हजारांच्या आत राहतो. आपानं वही पुन्हा उघडली.

पैसे ठेवायचे कुठं? मुलगी असली की सगळे सुकन्या समृद्धी सांगतात. तिचा दर इतर बहुतेक सरकारी योजनांपेक्षा चांगला असतो, पण एक अट बघा. खातं 21 वर्षांनी पूर्ण होतं. शिक्षणासाठी 18व्या वर्षी किंवा दहावीनंतर पैसे काढता येतात, पण मागच्या वर्षअखेरच्या शिलकेच्या निम्म्यापर्यंतच. तिसऱ्या वर्षी उघडलेल्या खात्यातले उरलेले पैसे भाचीला 24व्या वर्षी मिळतील. तोवर डिग्री हातात आलेली असेल. म्हणून सगळा हप्ता तिथं टाकू नका. पीपीएफची 15 वर्षांची मुदत या गरजेशी जास्त जुळते.

इथं बसलेल्या काहींना व्याज नको असतं. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण मग पैसे कपाटात किंवा चालू खात्यात पडून राहतात, आणि त्याचाही हिशोब मांडा. वाढ शून्य धरली तर सारख्या हप्त्याचा आकडा महिन्याला 17,600वर जातो. व्याजावर चालणाऱ्या कंपन्या वगळून शेअर घेणारे म्युच्युअल फंड आपल्याकडे आहेत. त्यांत चढउतार असतो, म्हणून शेवटच्या तीन वर्षांत पैसे थोडे थोडे करून बाहेर काढावे लागतात. बारावीच्या वर्षीच बाजार पडला तर कॉलेज थांबत नाही.

एक प्रश्न नेहमी येतो. सरकार मुलींची फी भरतंय ना? आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय 2024 साली झाला. ज्यांची मुलगी यंदा बारावीला आहे त्यांनी जातीचे, उत्पन्नाचे दाखले आत्ताच काढून ठेवावेत. पण 3 वर्षांच्या मुलीच्या हिशोबातून मी ती रक्कम वजा केलेली नाही. 15 वर्षांनी ती योजना असेलच असं नाही, आणि वसतिगृह-मेसचा खर्च तिच्याबाहेर राहतोच.

उशिरा सुरुवात केली तर? भाची 8 वर्षांची झाल्यावर सुरू केलं असतं, तर सारखा हप्ता साडेअठरा हजारांवर गेला असता.

दर जूनमध्ये आम्ही कॉलेजची नवी फी बघतो. समजा पहिल्या तीन वर्षांत फी 8ऐवजी 10 टक्क्यांनी वाढली. मग आजचा खर्च 12 लाख 60 हजारांऐवजी 13 लाख 31 हजार होईल आणि अंतिम रक्कम साडेतेहतीस लाखांच्या जवळ जाईल. उरलेल्या 12 वर्षांत ती तूट भरायला चौथ्या वर्षीच्या 8,720 रुपयांच्या हप्त्यात सुमारे 640 रुपये वाढवावे लागतील. पहिल्या जूनला फी वाढलीच नाही. आपानं विचारलं, ‘‘मग हप्ता कमी करू?’’ मी नको म्हणालो. काही कॉलेजं दोन वर्षं गप्प बसतात आणि तिसऱ्या वर्षी एकदम वाढवतात.