वाढीव अर्धा तास
(अभ्यासवर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांसमोरील भाषण)



समजा, आपला वर्ग २ ते ५ असा आहे. विषय आहे आरोपपत्राचे उत्तर कसे लिहावे. रेल्वेत एसएफ-११ मिळाले की उत्तराला १० दिवस असतात, म्हणून प्रत्यक्ष लिहून पाहणे भागच असते. २४ जण आले आहेत, तीन गट उत्तरे लिहीत आहेत. सव्वाचारला चहा येतो आणि तुमच्या लक्षात येते, की तिन्ही उत्तरांचे वाचन ५ पर्यंत होणार नाही. प्रत्येकाला १० मिनिटे, म्हणजे आणखी अर्धा तास हवा.

विचारायची वेळ हीच. पाच वाजायला पाच मिनिटे असताना विचारले, तर ज्याची लोकल ठरलेली आहे त्याला काहीच बदलता येत नाही. आधी हॉलच्या रखवालदाराची संमती घ्या, मग सभासदांना विचारा.

"थोडे थांबू या, कुणाला अडचण नाही ना?" असे विचारू नका. पुढच्या रांगेतले पदाधिकारी मान हलवतात आणि मागचे गप्प बसतात. ते गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे. रात्रपाळीला जायच्या आधी झोप हवी असलेला सॉर्टर किंवा पाळणाघरातून मूल आणायचे असलेली भगिनी सर्वांसमोर बोलणार नाही.

असे सांगा: "वाचनासाठी साडेपाचपर्यंत थांबावे लागेल. ज्यांना ५ ला निघायचे आहे त्यांनी अवश्य निघावे. चहा घेताना चिठ्ठीवर 'थांबतो' किंवा 'निघतो' एवढेच लिहून द्या." कारण विचारू नका, नावही नको.

पाच चिठ्ठ्यांवर 'निघतो' असले, तर वर्ग वाढवा, पण क्रम बदला. लेखन पावणेपाचच्या आधीच थांबवा. उत्तर मुदतीत देणे, तारखेसह पोच घेणे, प्रत जपून ठेवणे, या सर्वांना लागणाऱ्या गोष्टी ५ च्या आत सांगून टाका. हजेरीच्या सह्या आणि पुढच्या वर्गाची तारीखही त्याच वेळेत उरका. वाढीव वेळेत फक्त वाचन ठेवा, ठराव किंवा निवड मुळीच नको. जाणाऱ्यांना दुरुस्त केलेल्या उत्तरांच्या प्रती नंतर पाठवा. त्यासाठी त्यांचे पत्ते हजेरीपटावर असतातच.

पण आठ-दहा जण निघणार असतील, तर वर्ग वाढवू नका. एकच उत्तर नीट वाचा, उरलेली दोन पुढच्या वर्गात घ्या. एखादा संपूर्ण गटच उठून गेला, तर त्याचे उत्तर तपासायचे कुणासमोर?

आणि साडेपाच म्हणजे साडेपाच. एखादे वाचन अर्धे राहिले तरी थांबा. एकदा शब्द दिल्यावर आणखी १० मिनिटे मागितली, तर पुढच्या वेळी चिठ्ठीवर 'थांबतो' लिहायला कोणी धजणार नाही.