रविवारचा सोसायटी वर्कआउट: पंधरा ते सत्तर, सगळे एकाच वर्तुळात

आज विषय अगदी घरच्या अंगणातला आहे. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकतं, ‘रविवारी सकाळी सगळे मिळून व्यायाम करू या.’ पहिल्या रविवारी तीस जण खाली उतरतात. दुसऱ्या रविवारी पंधरा येतात. तिसऱ्या रविवारी उरतात ते सहा जण, आणि ते सहाच्या सहा आधीपासून जिमला जाणारे असतात. ज्यांच्यासाठी हे सगळं सुरू केलं ते काका, काकू आणि नुकतंच बाळंतपण झालेली शेजारीण, हे सगळे पुन्हा घरात.

हे होतं त्याला लोकांचा आळस कारण नसतो, आखणी कारण असते. बहुतेक ठिकाणी एक जण पुढे उभा राहतो आणि मोजतो, ‘चला, वीस स्क्वॉट्स!’ पंचविशीतल्या मुलाचे वीस अर्ध्या मिनिटात होतात आणि तो कंटाळून उभा राहतो. अडुसष्टच्या काकांचे आठ झालेले असतात आणि सगळे आपल्याकडे बघतायत असं त्यांना वाटतं. मग ते घाई करतात, गुडघा वाकडा जातो, आणि पुढच्या रविवारी ते येत नाहीत. म्हणजे गोंधळ आकड्यात आहे. सगळ्यांना एकच आकडा दिला की कुणासाठी तो फार कमी असतो, कुणासाठी फार जास्त.

म्हणून आजच्या भागातली मुख्य गोष्ट एवढीच: आकडा सगळ्यांना एक देऊ नका, वेळ एक द्या. चाळीस सेकंद काम, वीस सेकंद विश्रांती. त्या चाळीस सेकंदांत कुणी सहा वेळा करेल, कुणी पंचवीस वेळा. शिट्टी वाजली की दोघंही एकदमच थांबतात. कुणी मागे राहत नाही, कारण मागे राहायला जागाच नसते.

आता एक उदाहरण घेऊन सगळं बसवू. समजा आपल्याकडे अठरा जण आहेत. सगळ्यात लहान पंधरा वर्षांचा, सगळ्यात मोठे अडुसष्टचे. जागा म्हणजे इमारतीसमोरची पेव्हर ब्लॉकची मोकळी जागा, एक भिंत, दोन सिमेंटचे बाक आणि जिन्याच्या चार पायऱ्या. सामान काय लागेल? हात नसलेल्या तीन पक्क्या खुर्च्या, पाच लिटरचे पाण्याचे सहा कॅन, आणि तीन रेझिस्टन्स बँड. बस्स.

अठरा जणांसाठी सहा ठिकाणं करायची, प्रत्येक ठिकाणी तिघे. आणि इथे एक गंमत करा: तिघे वेगवेगळ्या वयाचे ठेवा. एक कॉलेजचा मुलगा, एक चाळिशीतली ताई, एक साठीपुढचे काका. वयानुसार गट पाडले की ‘म्हाताऱ्यांचा कोपरा’ तयार होतो, आणि तिथे कुणालाच उभं राहायचं नसतं.

ही सहा ठिकाणं अशी. पहिलं खुर्चीवरून उठणं-बसणं. दुसरं ढकलणं, म्हणजे पुश-अप. तिसरं पायरी चढणं-उतरणं. चौथं बँड ओढणं. पाचवं तोल सांभाळणं. सहावं कॅन उचलून चालणं. क्रम मुद्दाम असा आहे: पाय, हात, पाय, हात. त्यामुळे एका जागेचे स्नायू थकले असतील तर पुढच्या ठिकाणी त्यांना जरा उसंत मिळते.

आता प्रत्येक ठिकाणी तीन प्रकार हवेत आणि ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवायचे. ढकलण्याचंच बघा. प्रकार एक: भिंतीला हात टेकून. प्रकार दोन: बाकाच्या कडेवर हात टेकून. प्रकार तीन: जमिनीवर. हालचाल तीच, फक्त शरीर जितकं आडवं होत जातं तितकं हातांवर वजन वाढत जातं. खुर्चीच्या ठिकाणी प्रकार एक म्हणजे मांडीवर हात टेकून उठणं, दोन म्हणजे हात छातीवर घडी घालून उठणं, तीन म्हणजे खुर्ची न वापरता स्क्वॉट करणं आणि खाली दोन सेकंद थांबणं. तोलाच्या ठिकाणी प्रकार एक भिंतीला बोट लावून एका पायावर, दोन भिंत सोडून, आणि तीन म्हणजे एका पायावर उभं राहून समोरच्याकडून चेंडू झेलणं. पंधरा वर्षांच्या मुलालासुद्धा तिसरा प्रकार जमेलच असं नाही, आणि काकांना ते बघायला जाम मजा येते!

बाकावर किंवा खुर्चीवर होण्यासारखी गोष्ट जमिनीवर ठेवू नका. साठीपुढच्या माणसाला प्लँक जमतो की नाही हा नंतरचा प्रश्न. चारचौघांत खाली बसून पुन्हा उठणं हाच त्यांच्यासाठी सगळ्यात अवघड व्यायाम असतो. शिवाय आडवं होऊन झटकन उठलं की ब्लड प्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्यांना गरगरू शकतं.

कोण कुठल्या प्रकारापासून सुरू करणार, हे कसं ठरवायचं? पहिल्या रविवारी एक साधी चाचणी घ्या. खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घडी घाला. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. ज्येष्ठांच्या पायांतली ताकद बघायला ही चाचणी जगभर वापरतात. साधारण पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या पुरुषांमध्ये १२ पेक्षा कमी आणि बायकांमध्ये ११ पेक्षा कमी झाले, तर पाय सरासरीपेक्षा कमजोर आहेत आणि पडण्याचा धोका जास्त आहे असं समजतात. आपले काका ९ वर थांबले, तर त्यांची सुरुवात प्रकार एकपासून. हा आकडा ग्रुपवर टाकायचा नाही हं! ज्याचा त्याने आपल्या फोनमध्ये लिहून ठेवायचा. आठ आठवड्यांनी पुन्हा मोजायचा आणि फक्त स्वतःच्या जुन्या आकड्याशी ताडून बघायचा.

आता वेळेचा हिशोब. सात वाजता सुरुवात. पहिली दहा मिनिटं अंग मोकळं करणं: जागच्या जागी चालणं, खांदे फिरवणं, हळूहळू गुडघे वर. मग सहा ठिकाणांची एक फेरी, प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे सहा मिनिटं. दोन मिनिटं पाणी. अशा तीन फेऱ्या मिळून बावीस मिनिटं होतात. मग आठ मिनिटं खेळ, त्यात पळणं कमी आणि हसणं जास्त. शेवटी सहा मिनिटं संथ चालणं आणि स्ट्रेचिंग. सूचनांची चार मिनिटं धरून पन्नास मिनिटांत सगळे मोकळे.

पण तीन फेऱ्या पहिल्याच दिवशी नाहीत! पहिल्या रविवारी एकच फेरी, आणि तीही तीस सेकंद काम, तीस सेकंद विश्रांती. लोक म्हणतील, ‘एवढंच?’ म्हणू द्या. सवय नसताना स्क्वॉट किंवा पायऱ्या उतरण्यासारखी कामं केली की दुखणं त्याच दिवशी कळत नाही, एक ते तीन दिवसांनी वर येतं. म्हणून रविवारचा निकाल मंगळवारी लागतो. मंगळवारी ग्रुपवर विचारा, ‘जिना उतरताना त्रास होतोय का?’ थोडं आखडलंय, ठीक आहे. पण कठडा धरून उतरावं लागत असेल, तर रविवारचं प्रमाण जास्त झालं. आणि दुखणं स्नायूत नसून सांध्यात असेल, किंवा सूज असेल, तर तो व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवायचं.

वाढवायचं कसं? एका वेळी एकच गोष्ट. आधी फेऱ्या वाढवा, मग सेकंद, आणि सगळ्यात शेवटी प्रकार. दोन गोष्टी एकदम वाढवल्या आणि कुणाचं काही दुखलं, तर कशामुळे दुखलं ते कळतच नाही.

व्यायाम चालू असताना जोर बरोबर आहे का, हे ओळखायला घड्याळाकडे बघू नका. ब्लड प्रेशरसाठी किंवा हृदयासाठी काही जणांना बीटा ब्लॉकर प्रकारची औषधं दिलेली असतात. ती नाडीचा वेग वाढू देत नाहीत. स्मार्टवॉच म्हणेल सगळं निवांत आहे, आणि माणूस मात्र दमून गेलेला असेल. त्यापेक्षा बोलायला लावा. पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे जोर मध्यम आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, म्हणजे जोर जास्त आहे. तरुणांना चालेल, नवख्या काकांना नाही. आणि कुणी दात-ओठ खाऊन श्वास रोखून धरलाय असं दिसलं की लगेच टोका. श्वास रोखला की ब्लड प्रेशर झपकन चढतं.

सुरू करण्याआधी प्रत्येकाला चार प्रश्न खासगीत विचारा. छातीत कधी दुखतं का? चक्कर येऊन पडला आहात का? हृदयाचं, ब्लड प्रेशरचं किंवा शुगरचं औषध चालू आहे का? अलीकडे ऑपरेशन किंवा बाळंतपण झालंय का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर आधी डॉक्टरांशी बोलून मग या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, किंवा शुगर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी यायचं नाही. त्यांच्यासाठी खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवाच. हात थरथरणं, दरदरून घाम, बोलण्यात गोंधळ, ही शुगर उतरल्याची लक्षणं. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर ‘जरा बसा, बरं वाटेल’ असं करत थांबायचं नाही. १०८ ला फोन लावायचा. गेटवरच्या सिक्युरिटी काकांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे अँब्युलन्ससाठी गेट मोकळं राहील.

जागेबद्दल एकच सांगते. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं. पायरी आणि कॅन ही दोन ठिकाणं तेव्हा पार्किंगच्या छपराखाली हलवा. आणि बँड बांधायचा तो खांबाला. हलणाऱ्या गेटला किंवा पाइपला नाही.

शेवटी, आठवड्यातून एकदा हे पुरतं का? नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम सांगते. पासष्टीपुढे तोलाचे व्यायाम तीन दिवस. आपला रविवार त्यातला एक दिवस भरून काढतो आणि हालचाल नीट कशी करायची ते शिकवतो. म्हणून घरी जाताना प्रत्येकाला एकच गृहपाठ: बुधवारी आणि शुक्रवारी दात घासताना ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहणं, आणि जेवणाच्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं. ज्यांना नऊच जमतात, त्यांनी नऊ.

सहा ठिकाणांचे कागद या रविवारच्या आधी लिहून काढा, आणि पहिल्या दिवशी एकच फेरी घ्या. मंगळवारी काय उत्तरं आली ते आम्हाला व्हॉइस नोट पाठवून नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच!